किराणा आणि जेवणाचा हिशोब: तुम्ही विचाराल ते सगळे प्रश्न आणि माझी उत्तरं

पोरींनो, हे जरा लांब झालंय पण एकदा पूर्ण वाचा, चहा घेऊन बसा हवं तर. गेल्या आठवड्यात मी नुसतं म्हटलं की आपल्या चौघींच्या फ्लॅटमधला जेवणाचा हिशोब बदलू या, तर तिघींनी मिळून इतके प्रश्न विचारले की मला तिथल्या तिथे नीट सांगताच आलं नाही. म्हणून सगळे प्रश्न लिहून काढले आणि एकेकाचं उत्तर देते आहे. नावं घेत नाही, आपण एकमेकींना जशा गावावरून हाक मारतो तसंच लिहिते: वर्धेची, चंद्रपूरची, आपली गोंदियाची ताई आणि मी अमरावतीची.

आता काय वाईट चाललंय? चार जणी, चार भाग, सोपं तर आहे ना?

सोपं आहे, बरोबर नाही. मे महिन्यातली ती सकाळ मला विसरता येत नाही. ताई नाईट ड्युटी करून साडेआठला घरी आली, बाहेर तेव्हाच ऊन चटके देऊन राहिलं होतं, तिने फ्रीज उघडला तर दुधाचं पातेलं रिकामं, दह्याच्या डब्यात तळाला फक्त पाणी. आदल्या रात्रीची तिची भाजीपण कोणीतरी संपवलेली, त्यात मीपण होते. ती काही बोलली नाही, कोरा चहा केला आणि झोपली. आणि दोन दिवसांनी महिन्याचा हिशोब आला तेव्हा तिने आपल्याइतकेच पैसे दिले.

त्यानंतर जूनभर मी कोण किती वेळा घरी जेवलं ते वहीत लिहून ठेवलं. तुम्हाला न सांगता लिहिलं, ते चुकलंच, सॉरी. पण ते आकडे आहेत म्हणूनच आज मी अंदाजाने बोलत नाहीये.

मग तुझं म्हणणं नेमकं काय आहे?

एकच आहे. जे खाल्ल्याने संपतं त्याचे पैसे ताटांप्रमाणे द्यायचे, आणि जे कोणी खाल्लं काय न खाल्लं काय तेवढंच लागतं त्याचे चार समान भाग करायचे.

तांदूळ, कणीक, डाळ, तेल, भाजी, दूध, साखर, मसाला हे ताटांवर. स्वयंपाकाच्या काकूंचा पगार आणि गॅस हे समान. काकू तिघींसाठी येतात तेव्हाही तेवढाच पगार घेतात, आणि कुकरला तिघींच्या भातालापण तीनच शिट्ट्या लागतात अन् चौघींच्या भातालापण तीनच. गॅस काटेकोर मोजायला गेलो तर वेडच लागेल, तो समानच ठेवू.

ताट म्हणजे काय मोजायचं? पोळ्या मोजशील का आता?

नाही, पोळ्या कधीच नाही, त्यावर मी ठाम आहे. सकाळचा डबा म्हणजे 1 ताट, रात्रीचं जेवण 1 ताट, नाश्ता आणि त्यासोबतचा चहा मिळून अर्धं ताट. म्हणजे जी दिवसभर घरचंच खाते तिची दिवसाला अडीच ताटं.

चंद्रपूरची म्हणाली की मी दोन पोळ्या जास्त खाते, मग माझं काय. अगं, दोन पोळ्यांना साधारण 60 ग्रॅम कणीक लागते, 36 रुपये किलोने ते दोन रुपये झाले, रोज दोन्ही वेळ धरलं तरी महिन्याला सव्वाशे-एकशेतीस. त्यासाठी ताटात किती वाढून घेतलं ते एकमेकींनी बघत बसणं मला सहन होणार नाही. पोटभर खा.

पण रात्री झोपताना ग्लासभर दूध ही वेगळी गोष्ट आहे. 200 मिली दूध रोज, 62 रुपये लिटरने महिन्याला 370 च्या वर जातं. म्हणून मी एक रेघ ठरवली आहे, एकीच्याच पोटात जाणारी वस्तू महिन्याला 200 रुपयांच्या वर जात असेल तर ती ज्याची त्याने आणायची. अंडी, तूप, चीज, काजू-बदाम, रात्रीचं दूध हे सगळं त्यात येतं. फ्रीजचा मधला कप्पा या स्वतःच्या वस्तूंचा, त्यातलं विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. सांभार, अद्रक, लिंबू, फल्लीदाणे असलं सगळं कॉमन, त्याचा कोणी विचारपण करू नये.

जूनमध्ये असं केलं असतं तर किती फरक पडला असता?

हाच खरा प्रश्न आहे, म्हणून सावकाश सांगते.

जूनमध्ये आपण किराणा आणला 5,100 चा, भाजी-फळं 2,700 ची आणि दूध 1,860 चं, एकूण 9,660. पण आणलं तेवढं सगळं खाल्लं असं होत नाही ना. 1 जूनला घरात आधीचा माल होता: 5 किलो तांदूळ, तेलाच्या 2 पिशव्या आणि 1 किलो तुरीची डाळ, त्याची किंमत 780. आणि 30 जूनला रात्री उरलं होतं 9 किलो तांदूळ, 2 पिशव्या तेल, 1 किलो डाळ आणि 5 किलो कणीक, ते झालं 1,200. म्हणजे खरंच पोटात गेलं ते 780 अधिक 9,660 वजा 1,200, म्हणजे 9,240 रुपयांचं.

आता ताटं. चंद्रपूरची 70 (त्यात तिचा भाऊ दोन दिवस राहिला त्याची ताटं धरून), माझी 66, वर्धेची 44 कारण ती दर शुक्रवारी संध्याकाळी गाडी पकडून घरी जाते आणि रविवारी रात्री उशिरा येते, आणि ताईची 40. एकूण 220. 9,240 भागिले 220, म्हणजे एक ताट पडलं 42 रुपयांना.

काकूंचे 4,000 आणि सिलेंडरचे 900 मिळून 4,900, त्याचे चार भाग, प्रत्येकी 1,225.

तर चंद्रपूरचीचे 2,940 आणि 1,225 मिळून 4,165. माझे 3,997. वर्धेचीचे 3,073. ताईचे 2,905. सगळं मिळून 14,140. याचेच समान चार भाग केले तर प्रत्येकीचे 3,535 येतात, म्हणजे समान भागात ताईच्या अंगावर 630 आणि वर्धेचीच्या अंगावर 462 जास्तीचे पडतात, आणि ते आम्ही दोघी खाल्लेल्या जेवणाचे असतात. एका महिन्यात 630. ताई दीड वर्षापासून आपल्यासोबत आहे.

उरलेला माल मोजायची काय गरज? महिन्याला जे आणलं ते भागायचं, झालं.

मलाही आधी असंच वाटलं होतं. पण बघ, आपण इतवारीत जातो तेव्हा तांदूळ-तेल एकदम जास्त आणतो, ऑटोचं भाडं वसूल व्हायला पाहिजे म्हणून. समजा 28 तारखेला आणलं तर सगळा खर्च त्या महिन्यात दिसतो आणि ताट 50 ला पडतं, पुढच्या महिन्यात काहीच आणलं नाही म्हणून 34 ला. आता ज्या महिन्यात वर्धेची पूर्ण थांबली त्याच महिन्यात ताट महाग असेल तर ती उगाच भरडली जाते. उरलेला माल वजा केला की ताटाची किंमत त्या महिन्याच्या खाण्याचीच येते.

आणि सगळं घर मोजायचं नाहीये. फक्त चार वस्तू, तांदूळ, कणीक, तेल, तुरीची डाळ. मीठ-मोहरी-हळद सोडून द्या. तांदळाच्या मोठ्या डब्याला मी मागच्या रविवारी बाहेरून मार्करने रेघा मारल्या, एक-एक किलो आत ओतून डबा जरा हलवून, सपाट करून मग रेघ. आतले तांदूळ कुठपर्यंत आहेत ते लांब चमचा उभा घालून बघायचं आणि तो बाहेरच्या रेघांना लावायचा, अर्ध्या मिनिटात कळतं. कणकेच्या डब्यालापण तसंच करते, फक्त ती दाबून भरली तर जास्त मावते म्हणून आधी हलवून मोकळी करून घ्यायची. तेल पिशव्यांवर, उघडलेली पिशवी अर्धी धरायची.

पैसे कोणी, कधी आणि कुठे द्यायचे?

सुरुवातीला प्रत्येकीचे 1,000 रुपये स्वयंपाकघराचं डिपॉझिट, आणि दर महिन्याच्या 1 तारखेला प्रत्येकीने 3,500 ॲडव्हान्स. हे सगळं एकीच्याच अकाउंटला, ती त्या महिन्याची खजिनदार, दर महिन्याला पाळी बदलेल. बाजारात जी जाईल तिने बिलाचा फोटो टाकायचा, खजिनदाराने त्याच दिवशी तिला पैसे पाठवायचे. "राहू दे, नंतर बघू" म्हणायचं नाही, आपले सगळे घोळ त्या नंतर बघूमध्येच झालेले आहेत.

महिना संपला की ज्याचा हिशोब 3,500 च्या वर गेला ती फरक देईल, ज्याचा खाली आला तिला परत मिळेल. जूनचंच घ्या, चंद्रपूरची 665 देणार, मी 497, वर्धेचीला 427 परत आणि ताईला 595 परत.

फ्रीजवर कॅलेंडर लावते, त्यात रोज आपापली ताटं आपणच लिहायची. महिनाअखेरीला ती मी शीटमध्ये चढवेन. शीटमध्ये प्रत्येकीच्या ताटांची बेरीज 33 व्या ओळीत येते, ताटाचा दर G1 मध्ये, समान वाटा G2 मध्ये, ॲडव्हान्स G3 मध्ये, आणि कोणाचं किती देणं-घेणं ते असं निघतं:

```
=ROUND(B33*$G$1+$G$2-$G$3,0)
```

आकडा आला तर द्यायचे, वजा आला तर घ्यायचे. दर 41 रुपये 73 पैसे असा वाकडा निघाला तर शेवटी एक-दोन रुपये इकडे तिकडे होतील, ते फंडात.

चूक झाली तर कळणार कसं? विश्वासावरच चालायचं का?

विश्वास आहेच, पण हिशोब स्वतःच सांगतो. मला या पद्धतीत सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे.

सगळ्यांचं देणं-घेणं झालं की घरातला माल आणि खजिनदाराकडची रक्कम यांची बेरीज दर महिन्याला 4,000 च आली पाहिजे, आपलं चौघींचं डिपॉझिट. समजा जूनमध्ये ही सिस्टिम होती. 1 तारखेला माल 780 चा होता तर फंडात रोख 3,220 असते. त्यात ॲडव्हान्सचे 14,000. खर्च झाला 9,660 अधिक 4,900, म्हणजे 14,560. उरले 2,660. शेवटच्या देण्या-घेण्यात फंडात 140 वाढले, झाले 2,800. आणि माल 1,200 चा. बरोबर 4,000.

आता समजा बेरीज 3,700 आली. याचा अर्थ फंडातून 300 रुपये खर्च झालेत आणि ते कुठेच लिहिले नाहीत, बहुतेक खजिनदाराने डेली नीड्समधून घाईत आणलेलं ब्रेड-दूध असतं, ज्याचा फोटो टाकायचा राहून जातो. तेवढं शोधायचं, कोणावर संशय नको.

पण कोणी ताट खाल्लं आणि लिहायचं विसरली तर ती चूक या बेरजेत दिसत नाही, हे लक्षात ठेवा. ती दिसते ताटाच्या दरात. बाजारभाव तेच असताना दर 42 वरून 47 वर गेला तर समजायचं की ताटं लिहायची राहिली आहेत, नाहीतर अन्न वाया जाऊन राहिलं. पावसाळ्यात भाजी महागते तेव्हाही दर वाढतो, म्हणून आधी भाजीचा आकडा मागच्या महिन्याशी ताडून बघायचा, आणि तो तेवढाच असेल तर मग कॅलेंडर बघायचं.

मी जेवणार नाही हे कधीपर्यंत सांगायचं?

सकाळच्या डब्याचं आदल्या रात्री 9 पर्यंत, रात्रीच्या जेवणाचं दुपारी 4 पर्यंत. काकू पाचला येतात, आल्या की आधी कणीकच भिजवतात, त्यानंतर सांगून उपयोग नाही. वेळेत सांगितलं नाही तर ताट लागेल, खाल्लं नाही तरी, कारण ते बनलं आहे. डबा नेला आणि ऑफिसमध्ये कोणाचा बर्थडे निघाला म्हणून तसाच परत आणला, तरी ताट लागेल.

ताईची ड्युटी ऐनवेळी बदलते हे मला माहिती आहे, हॉस्पिटलवाले तिला विचारून बदलत नाहीत. म्हणून तिच्यासाठी महिन्यात तीन वेळा उशिरा सांगितलं तरी चालेल असं मी सुचवते, ती तीन ताटं कोणाच्याच नावावर धरायची नाहीत, ताटाच्या दरातून सगळ्या मिळून सोसू. कोणाची हरकत असेल तर सांगा, पण मला तरी हे योग्य वाटतं.

आणि ते झाकून ठेवलेलं जेवण?

स्टीलच्या निळ्या झाकणाच्या डब्यात ठेवलेलं जेवण ताईचं, विषय संपला. ते सकाळी नऊपर्यंत कोणी उघडायचं नाही. अर्धा लिटर दुधाची एक पिशवी फ्रीजच्या दारात तिच्या सकाळच्या चहासाठी राहील, ती संपवली तर संपवणाऱ्याने खाली जाऊन आणायची.

बाकी रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीचा केला तर तो नाश्ताच, अर्धं ताट. फुकट धरला तर सगळ्या मुद्दाम भात उरवतील.

रविवारचं चिकन?

ताई शाकाहारी आहे, वर्धेची रविवारी नसते, म्हणजे चिकनच्या दिवशी बहुतेक आम्ही दोघीच. चिकन आणि त्याचा मसाला खाणाऱ्यांमध्येच भागायचा, कॉमन बिलात टाकायचा नाही. सोबतचा भात-पोळी नेहमीसारखा ताटात. भांडी वेगळी आहेतच, काळी कढई आणि तिचा झारा, ते शाकाहारी भांड्यांच्या रॅकवर ठेवायचं नाही, मागे एकदा माझ्याकडूनच झालं होतं आणि ताईने दुसऱ्या दिवशी सगळी भांडी पुन्हा घासली.

उपवासाची साबुदाण्याची खिचडी कॉमन, ती जेवणाऐवजी खाल्ली तर एक ताट. दोघी सोमवार करता, त्यावर वेगळा हिशोब नको.

पाहुणे आले तर?

ज्याचा पाहुणा त्याच्या नावावर ताटं. आई-बाबा आले तर पहिल्या दिवसाची ताटं कोणाच्याच नावावर नाहीत, कोणाचेही असोत. माझी आई आली तेव्हा तुम्ही तिघींनी तिला मोजूनमापून वाढलं नव्हतं, मीपण तुमच्या आईला तसं वाढणार नाही.

मी पंधरा दिवस घरी गेले तर काकूंचे पैसे का देऊ?

कारण आपण काकूंना चौघींचा स्वयंपाक म्हणून ठरवलं आहे, त्या एकीचे पैसे कमी घेणार नाहीत, आणि तू परत आल्यावर त्या इथेच पाहिजेत. ताटाचे पैसे तर तुझे लागणारच नाहीत. पूर्ण महिना कोणी नसेल तर गॅसचा वाटा माफ, काकूंचा द्यायचाच.

काकूंनी सुट्टी घेतली तर पगार कापायचा नाही. त्या दिवशी जी स्वयंपाक करेल तिने भांडी घासायची नाहीत.

तांदळाचा 25 किलोचा कट्टा आणला तर स्वस्त पडेल ना?

किलोमागे थोडा पडेल, पण आपल्यासाठी नको. एक तर पावसाळा आहे, मागच्या वर्षी कट्ट्यात सोंडे झाले होते, दोन रविवार आपण परातीत तांदूळ निवडत बसलो. दुसरं म्हणजे आपला फंडच 4,000 चा आहे, 1,500 चा कट्टा एकदम आणला की भाजी-दुधाला हातात पैसे कमी पडतात, मग कोणीतरी स्वतःच्या खिशातून घालते आणि पुन्हा तोच घोळ. 10 किलोच्या वर तांदूळ नको, तेलाच्या 4 पिशव्यांच्या वर नको. भाजी सकाळी लवकर उठणारीने कॉटन मार्केटमधून आणली तर उत्तम, पण पालेभाजी दोन दिवसांच्या वर पुरेल एवढी आणायची नाही, स्वस्त मिळाली म्हणून मी चार जुड्या पालक आणला होता त्यातल्या दोन सडल्या, ते पैसेपण सगळ्यांच्याच ताटात गेले.

कोणी फ्लॅट सोडून गेली तर?

तिचा त्या दिवसापर्यंतचा हिशोब करून डिपॉझिटचे 1,000 परत. माल किंवा रोख मिळून तिचे हजार फंडात असतातच, त्यामुळे कोणाला खिशातून घालावे लागत नाहीत. नवीन येणारीने तेच 1,000 भरायचे.

तुझा यात काय फायदा?

पैशाचा काहीच नाही, जूनच्या आकड्यात बघा, समान भागापेक्षा माझे 462 जास्त जातात. चंद्रपूरचीचे 630 जास्त जातात, तिला हे वाचून वाईट वाटू शकतं, आणि तिची परीक्षेची तयारी सुरू आहे, घरून मोजके पैसे येतात हेपण मला माहिती आहे. म्हणून तिच्याशी मी आधी बोलले. ती म्हणाली की भावाची ताटं वेगळी दिसली ते बरं झालं, ते पैसे तोच देईल. बाकीचं जास्त वाटत असेल तर पहिले दोन महिने तिचा 3,500 चा ॲडव्हान्स एकदम न घेता दोन हप्त्यांत घेऊ, 1 आणि 15 तारखेला.

कधीपासून?

1 ऑगस्टपासून, तिघींचं हो आलं तर. 31 जुलैला रात्री जेवण झाल्यावर चार वस्तू मोजू, जो माल निघेल त्याचे चार भाग डिपॉझिटमधून वजा, म्हणजे माल 1,200 चा निघाला तर प्रत्येकीने 1,000 ऐवजी 700 च रोख द्यायचे. पहिली खजिनदार मी होईन, सप्टेंबरला वर्धेची.

ताई, तुझी 31 ला नाईट असेल तर आम्ही रात्री मोजणार नाही, 1 तारखेला सकाळी तू आल्यावर चौघी मिळून मोजू. चहा करून ठेवते, दुधाचा.